तुझ्या गिटारबद्दल

रेवा, फोटो आधी उघडला असशील तर कळलंच असेल. तुझी गिटार माझ्याकडून मोडली. सॉरी गं, मनापासून. फोनच करणार होते, पण मग मी रडत बसले असते आणि तूच माझी समजूत काढली असतीस. ते नको होतं.

फोटो नेकच्या मागच्या बाजूचा आहे. नटच्या मागे, जिथे नेक सगळ्यात बारीक होतो ना, तिथून तिरकी भेग हेडस्टॉककडे गेलीय. साधारण बोटभर लांब. अंदाज यावा म्हणून शेजारी पेन्सिल ठेवली आहे. भेगेच्या कडेला जे पांढुरकं दिसतंय ते आतलं लाकूड. तिथल्या पॉलिशचा टवका उडालाय. तो सापडला, कागदाच्या पुडीत ठेवलाय. हेडस्टॉक सुटा झालेला नाही, पण किंचित हलतो. एकदाच हलवून पाहिला, परत हात लावला नाही. आणि खाली बॉडीवर लांब पांढरी रेघ दिसतेय तो ओरखडा नाही, ट्यूबलाइट चमकतेय. मीही आधी दचकले होते. बॉडी, ब्रिज, फ्रेट सगळं नीट तपासलं, तिथे काही झालेलं नाही.

झालं असं की काल रात्री सराव संपल्यावर बॅगेत भरायचा कंटाळा केला आणि भिंतीला टेकवून ठेवली. 'भिंतीला टेकवू नकोस' हे तू देतानाच बजावलं होतंस. चार्जरची वायर ओढायला गेले, ती तळाशी अडकली आणि गिटार घसरून पाठीवर आपटली. दुसऱ्या कुणाचा हात नाही, माझाच आळस.

पडल्या पडल्या सहाही तारा सैल केल्या, नाहीतर ताणाने भेग उघडत गेली असती. गोंद मात्र अजिबात लावलेला नाही. घरात सुपरग्लू होता, मोहही झाला, पण तो आत सुकला की दुरुस्त करणाऱ्याला आधी तोच खरवडत बसावं लागतं. अशी भेग वुड ग्लू भरून, क्लॅम्प लावून सांधता येते, फक्त सांध्याची रेघ थोडी दिसत राहील. ती तुला चालेल का, हे तूच ठरव. दुरुस्त करायची की तशीच दुसरी घ्यायची, जे म्हणशील ते. खर्च माझा, त्यावर वाद घालू नकोस. पहिल्या पगारातून घेतलेली गिटार मात्र दुसरी आणून मिळत नाही, तेच सारखं डोक्यात घोळतंय.

आत्ता ती बॅगेत घालून पलंगावर आडवी ठेवली आहे. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. त्याआधी तुझ्या माहितीतल्या कुणाला दाखवायची असेल तर सांग, मी स्वतः नेऊन देईन. आणि बोलायची इच्छा नसेल तर नुसतं 'वाचलं' एवढंच टाक.

मुग्धा