विषय : सहायक लेखापाल पदाच्या मुलाखतीचा निकाल

स. न. वि. वि.

सहायक लेखापाल पदाची निवड प्रक्रिया पूर्ण झाली असून या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, हे कळवताना आम्हाला खेद वाटतो. अंतिम मुलाखतीपर्यंत मोजकेच उमेदवार पोहोचले होते आणि बँक ताळमेळाचा जो प्रश्न आम्ही मुद्दाम किचकट ठेवला होता, तोही सर्वांनी नीट सोडवला. त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. जागा एकच होती आणि वर्षअखेरचा ताळेबंद स्वतंत्रपणे तयार करण्याचा अनुभव हाच अखेर निर्णायक ठरला. आपल्या पात्रतेविषयी यात कोणताही प्रतिकूल शेरा नाही.

आपली संमती असल्यास आपला अर्ज आम्ही वर्षभर राखून ठेवू. या काळात लेखा विभागात जागा निघाल्यास आपल्याला आवर्जून कळवू, आणि लेखी चाचणी पुन्हा द्यावी लागणार नाही. मात्र ही नोकरीची हमी नव्हे, त्यामुळे दरम्यान दुसरीकडे चांगली संधी आल्यास ती आमच्यासाठी सोडू नये.

संमती कळवण्यासाठी, तसेच मुलाखतीबद्दल आमचा अभिप्राय हवा असल्यास, याच पत्राला उत्तर द्यावे. आपण दिलेल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग