रविवार गडावर | मराठी ट्रेकिंग टी-शर्ट | रेग्युलर फिट, युनिसेक्स, राउंड नेक, हाफ बाही | १००% सुती, १८० जीएसएम, बायोवॉश | मैत्री दिन आणि वाढदिवसाची भेट

किंमत ५९९ रुपये, घरपोच. रंग: काळा, बॉटल ग्रीन, मरून.

शनिवारी रात्रीच सॅक भरून ठेवणाऱ्या मित्रासाठी. ऑगस्टचा पहिला रविवार म्हणजे मैत्री दिन, तोही ऐन भटकंतीच्या दिवसांत.

छपाई फक्त पुढे, १० इंच रुंद, गळ्यापासून ३ इंच खाली. पाठ मुद्दाम कोरी ठेवली आहे, कारण सॅक घासून पाठीवरची छपाई लवकर विरते. अक्षरं ठसठशीत घेतली आहेत. बारीक फॉन्टमध्ये शिरोरेघ कापडाच्या विणीत तुटक दिसते आणि रफार, अनुस्वार दोन-चार धुण्यांत पुसट होतात.

छपाई डीटीजी पद्धतीची, म्हणजे शाई थेट धाग्यात मुरते, वर प्लॅस्टिकचा थर बसत नाही. गडद कापडावर आधी पांढरा थर द्यावा लागतो. त्यासाठी लावलेल्या द्रावणाचा फिकट चौकोन किंवा आंबूस वास नव्या शर्टाला येऊ शकतो. तो डाग नाही, पहिल्या धुण्यात जातो. भेट द्यायची असेल तर आधी माप तपासा, मग एकदा धुऊन द्या; धुतलेला शर्ट साइझसाठी बदलून मिळत नाही.

साइझ (शर्टाची छाती / लांबी, इंचांत):
एस ३८ / २६
एम ४० / २७
एल ४२ / २८
एक्सएल ४४ / २९
डबल एक्सएल ४६ / ३०

मापात अर्धा इंच फरक पडू शकतो. धुतल्यावर लांबी पाऊण इंचापर्यंत आटते. मित्राचं माप विचारता येत नसेल तर त्याचा रोजचा शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ढगळ हवा म्हणून दोन साइझ मोठा घेऊ नका, गळाही तेवढाच पसरतो.

भर पावसातल्या चढाईला मात्र हा घालू नका. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाऱ्यात अंग गार पडतं. गाडीत, मुक्कामी आणि हिवाळ्यातल्या सोप्या वाटांवर छान.

धुणं: उलटा करून, गार पाण्यात, सावलीत वाळत. ब्लीच नको. छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका.

ऑर्डर आल्यावरच छापतो: छपाईला २ ते ३ दिवस, पोचायला आणखी ४ ते ६. पावसाळ्यात कुरिअर रखडतं, म्हणून मैत्री दिनासाठी २० जुलैपर्यंत मागवा. साइझ चुकली तर ७ दिवसांत, न धुतलेला शर्ट बदलून मिळेल. छपाईत दोष असेल तर फोटो पाठवा, नवा पाठवू.

टॅग: रविवार गडावर, मराठी टी-शर्ट, ट्रेकिंग टी-शर्ट, गडकिल्ले, सह्याद्री भटकंती, ट्रेकर मित्राला भेट, मैत्री दिन गिफ्ट, वाढदिवस गिफ्ट, सुती टी-शर्ट, १८० जीएसएम, रेग्युलर फिट, युनिसेक्स, ग्रुप टी-शर्ट