सोडवलेले उदाहरण: चक्रवाढ व्याज आणि ७२ चा नियम

उदाहरण : एका अंगणवाडी सेविकेने ₹५०,००० द.सा.द.शे. ८ दराने चक्रवाढ व्याजाने ठेवले. व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळवले जाते. रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील?

रीत : आधी सूत्राशिवाय, हाताने करून पाहू.

पहिले वर्ष : व्याज ४,०००, रास ५४,०००.
दुसरे वर्ष : व्याज आता ५४,००० वर, म्हणजे ४,३२०. रास ५८,३२०.
तिसरे वर्ष : व्याज ४,६६५.६०, रास ६२,९८५.६०.

दुसऱ्या वर्षीचे जादा ३२० रुपये नीट पाहा. ते पहिल्या वर्षीच्या ४,००० रुपये व्याजावरचे व्याज आहे. चक्रवाढीचे सगळे बळ तिथेच आहे.

७२ चा नियम : ७२ ला दराने भागा. ७२ ÷ ८ = ९ वर्षे.

ताळा :

```
A = P × (1 + r/100)^n
A = 50000 × (1.08)^9 ≈ 99950
```

दुपटीला जेमतेम ५० रुपये कमी! सरळव्याजाने ९ वर्षांत ८६,०००च झाले असते.

दर अगदी लहान असेल तर काटेकोर गणितात ७२ ऐवजी ६९.३ च्या आसपासचा आकडा येतो. पण ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी निःशेष भाग जातो, म्हणून तोंडी हिशेबाला तोच सोयीचा. दर फार चढा असेल तर मात्र उत्तर थोडे चुकते.

हाच नियम कर्जालाही लावा. सावकाराचा दर महिन्याला शेकडा ३ असेल आणि व्याज थकत गेले, तर ७२ ÷ ३ = २४. इथे उत्तर महिन्यांत येते : दोन वर्षांत १०,००० चे सुमारे २०,३२८ होतात.