विशिष्ट अध्ययन अक्षमता : मूल्यमापन अहवाल आणि परीक्षा सवलतींची शिफारस

विद्यार्थी : सु. पा., मुलगा, वय १४ वर्षे २ महिने
इयत्ता : नववी, मराठी माध्यमाचे हायस्कूल, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव
भाषा : प्रथम मराठी, द्वितीय इंग्रजी, तृतीय कन्नड
तपासणी : ऑगस्ट २०२५, दोन बैठका, मराठीतून

पाठवण्याचे कारण
तोंडी उत्तरे चांगली, पेपर मात्र निम्मा कोरा, अशी वर्गशिक्षकांची नोंद आहे. पालकांना दहावीच्या परीक्षेची काळजी आहे.

पूर्वेतिहास
जन्म व वाढीचे टप्पे सामान्य. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६, श्रवण चाचणी सामान्य, फिट्स नाहीत. उपस्थिती ८८ टक्के. चौथीच्या वर्षी कोविडमुळे शाळा बंद होती, त्यामुळे ही केवळ राहून गेलेल्या शिक्षणाची तूट आहे का, हे आम्ही मुद्दाम तपासले. तसे नाही. दुसरीच्या (२०१८-१९) प्रगतिपुस्तकातच ‘जोडाक्षरे वाचत नाही, फळ्यावरचे उतरवत नाही’ असा शेरा आहे. आठवीत वर्षभर उपचारात्मक वर्ग घेऊनही अडचण टिकून आहे.

बुद्धिमापन (मालिन यांची भारतीय बालकांसाठीची मापनश्रेणी)
शाब्दिक ९८, कृती १०८, एकूण १०३ : सरासरी. अंकस्मरण व संकेतलेखन या उपचाचण्यांत गुण लक्षणीय कमी.

वाचन व लेखन
निम्हान्सच्या अध्ययन अक्षमता चाचणीसंचाचा दुसरा स्तर वापरला. तो सातवीपर्यंतचा असल्याने गुणांची तुलना नववीशी केलेली नाही. मूल कोणत्या इयत्तेच्या पातळीवर काम करते, एवढेच त्यावरून ठरवले.

मराठी वाचन तिसरीच्या पातळीवर : मिनिटाला ३१ शब्द, तेही अक्षर-अक्षर जुळवत. ध-घ, भ-म, थ-य यांची अदलाबदल होते. रफार गळतो (‘पर्वत’चे ‘पवत’), जोडाक्षर फुटते (‘प्रकाश’चे ‘परकाश’). स्वतः वाचलेल्या उताऱ्यावरील १० पैकी ३ प्रश्न बरोबर आले. त्याच काठिण्याचा दुसरा उतारा वाचून दाखवल्यावर ९. म्हणजे आकलन शाबूत आहे, अडथळा अक्षरओळखीत आहे.

लेखनही तिसरीच्या पातळीवर. पाहून उतरवण्याचा वेग मिनिटाला ९ शब्द. जलचक्रावर तोंडी ८ पैकी ७ मुद्दे सांगितले. १० मिनिटांत लिहिले २. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निदानासाठी मोजल्या नाहीत, कारण त्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या होतात. सीमाभागातल्या बोलीची घरची रूपे आणि कन्नड वळणाची वाक्येही चूक धरली नाहीत. हा भेद न केल्यास या भागातील निरोगी मूलही अक्षम ठरू शकते.

कन्नडमध्ये सुटी अक्षरे ओळखतो. खाली जोडलेले व्यंजन आले की थांबतो. कन्नड बोलणे मात्र सहज आहे. इंग्रजीत तीन-चार अक्षरी शब्दांपलीकडे वाचन नाही.

गणित
चारही क्रिया कागदावर बरोबर. शाब्दिक उदाहरणे स्वतः वाचून १० पैकी ३, वाचून दाखवल्यावर ८. गणिती अक्षमतेचे निदान करत नाही.

लक्ष व भावना
अवधानदोषाचे निकष पूर्ण होत नाहीत. परीक्षेआधी पोटदुखी व टाळाटाळ दिसते. समुपदेशन सुरू करावे.

निदान
डीएसएम-५ नुसार विशिष्ट अध्ययन अक्षमता : वाचनदोषासह (एफ ८१.०) व लेखनदोषासह (एफ ८१.८१). तीव्रता मध्यम.

परीक्षा सवलती
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ, लेखनिक आणि द्वितीय-तृतीय भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. त्यानुसार :

१. तासाला २० मिनिटे जादा वेळ; तीन तासांच्या पेपरला एक तास.

२. प्रश्न वाचून दाखवणे आणि लेखनिक, दोन्ही. नुसत्या जादा वेळाने भागणार नाही, कारण प्रश्नच नीट वाचला जात नाही. लेखनिक मराठी वाचता-लिहिता येणाराच हवा. केवळ कन्नड माध्यमातून शिकलेला लेखनिक दिल्यास इतिहास-विज्ञानाच्या संज्ञा चुकतात आणि सवलत कागदावरच राहते. लेखनिकाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. आकृत्या विद्यार्थ्याने स्वतः काढाव्यात.

३. स्वतंत्र खोली, तोंडी सांगताना इतरांना व्यत्यय नको.

४. स्वतः लिहिलेल्या मजकुरातील शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.

५. तृतीय भाषेच्या लेखी परीक्षेतून सूट. तीन लिप्यांचा भार एकदम पेलणे त्याला शक्य नाही. वर्गातले कन्नड संभाषण सुरूच ठेवावे, कर्नाटकात पुढे ते रोज लागणार आहे. इंग्रजीतून सूट सुचवत नाही, कारण पुढच्या अभ्यासक्रमांत ती टाळता येणार नाही.

गणनयंत्राची शिफारस जाणीवपूर्वक केलेली नाही.

शाळा व पालकांसाठी
हा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. यूडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा पातळीवरील वैद्यकीय मंडळाकडून प्रमाणपत्र घ्यावे. मुख्याध्यापकांनी ते दहावीचा परीक्षा अर्ज भरतानाच कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यनिर्णय मंडळाकडे पाठवावे. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. लेखनिकासह परीक्षा देण्याचा सराव नववीच्या घटक चाचणीपासूनच सुरू करावा, कारण मुद्दे क्रमाने सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये. आठवड्यातून चार दिवस, ४० मिनिटे, जोडाक्षरे व रफारावर विशेष शिक्षकाकडून काम व्हावे. सहा महिन्यांनी वाचनवेग पुन्हा मोजू.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक, बेळगाव