रोजचे वाचन

सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपण ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा करतो. पण वर्षातून एकदाच वाचून वाचक घडत नाही, असे मला मनापासून वाटते. रोज वाचणाऱ्याला अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भातून उलगडू लागतो, लांब वाक्यातही त्याचे लक्ष ढळत नाही, आणि मग गणितातले शाब्दिक उदाहरणही, जे अनेकदा आकडेमोडीपेक्षा प्रश्न नीट न वाचल्यामुळेच चुकते, त्याला सोपे जाते.

सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत मराठी पुस्तकांच्या कपाटांना जागा दिली असून कोणीही पाहुणा तेथे विनामूल्य वाचत बसू शकतो. केवढे हे मोठे मन!

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातही नोंदवहीत सही करून पुस्तक घरी नेता येते. आज घरी जाताना प्रत्येकाने एक पुस्तक दप्तरात घालावे आणि रात्री जेवणानंतर त्याची निदान दोन पाने वाचावीत, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवते. धन्यवाद.