वॉरंटीत बंद पडलेली इन्व्हर्टर बॅटरी बदलून मिळण्याबाबत

दि. 4 जुलै 2025

प्रति,
मालक,
इन्व्हर्टर व बॅटरी विक्री केंद्र,
बस स्थानकाजवळ, कराड, जि. सातारा

प्रत : बॅटरी उत्पादक कंपनीचा ग्राहक तक्रार विभाग

विषय : 150 एएच ट्युब्युलर बॅटरी, बिल क्र. 1187, दि. 14 मार्च 2024

महोदय,

वरील बॅटरी मी आपल्या दुकानातून 16,800 रुपयांना घेतली. वॉरंटी कार्डावर आपल्या शिक्क्यासह पहिले 36 महिने मोफत बदलून देण्याची हमी आहे. 9 जून 2025 रोजी, म्हणजे पंधराव्या महिन्यात, बॅटरीने दगा दिला. पूर्वी चार तास चालणारे दिवे-पंखे वीस मिनिटांत बंद पडू लागले. 11 जूनला मी तक्रार नोंदवली आणि 16 जूनला आपला मेकॅनिक घरी येऊन तपासणी करून गेला. त्याने जॉब कार्डावर "ग्राहकाने पाणी भरले नाही, वॉरंटी लागू नाही" असा शेरा मारला आणि त्याच आधारावर आपण फोनवर दावा नाकारलात.

हा शेरा मला मान्य नाही. तो चुकीचा कसा आहे हे त्याच जॉब कार्डावरचे आकडे सांगतात. मेकॅनिकने रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी माझ्यासमोर घेतली. पाच सेलची 1235 ते 1240 आली, चौथ्या सेलची मात्र 1130. बॅटरीचा व्होल्टेज 10.6 भरला. बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा असतो, त्यामुळे एक सेल गेल्यावर एवढाच आकडा येतो. पाणी न भरल्यामुळे बॅटरी खराब झाली असती तर सहाही सेलना त्याचा फटका बसला असता. त्याच घरात, त्याच चार्जिंगवर, त्याच पाण्यावर पाच सेल उत्तम राहतात आणि मधलाच एक बसतो, तेव्हा दोष त्या सेलच्या आत आहे.

आणखी एक गोष्ट आपण मेकॅनिकला विचारून पाहावी. त्याने बूच काढून हायड्रोमीटरची नळी आत घातली, रबरी फुगा दाबून सोडला आणि पहिल्याच खेपेला सहाही सेलमधून भरपूर द्रव वर आला. प्लेटा कोरड्या असत्या तर नळीत काय आले असते? फ्लोट त्या वेळी खालच्या खुणेच्या वर होते. तपासणीआधी मी काढलेल्या फोटोंत ते स्पष्ट दिसतात.

पाण्याच्या देखभालीचा पुरावाही आपल्याच दुकानाचा आहे. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या माणसाने सर्व्हिसिंग करून डिस्टिल्ड वॉटर भरले. सर्व्हिस कार्डावर त्याची सही आणि "पातळी योग्य" हे शब्द आहेत. मार्चमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मी आपल्याकडूनच नेले, त्याचे बिल जोडले आहे.

मी हे सविस्तर लिहिते आहे कारण फोनवर माझे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही. "बायकांना बॅटरीची देखभाल जमत नाही" हे आपल्या काउंटरवरचे वाक्य मला फार लागले. घरातली बॅटरी मीच बघते आणि व्यवस्थित बघते. माझ्या सासऱ्यांना दम्यासाठी रात्री नेब्युलायझर लागतो. पावसाळ्यात आमच्या भागात रात्री-अपरात्री लाईट जाते, म्हणूनच ही बॅटरी घेतली होती.

त्यामुळे माझी मागणी अशी आहे. त्याच क्षमतेची नवी बॅटरी द्यावी. दुरुस्त केलेली किंवा दुसऱ्या ग्राहकाकडून परत आलेली बॅटरी मी घेणार नाही. बदली होईपर्यंत चालू स्थितीतली पर्यायी बॅटरी बसवून द्यावी. जुनी बॅटरी नेताना तिचा अनुक्रमांक लिहिलेली पोच द्यावी, त्याशिवाय ती घराबाहेर जाणार नाही. दावा नाकारायचाच असेल तर चौथ्याच सेलची ग्रॅव्हिटी एवढी कमी का, याचे तांत्रिक कारण कंपनीच्या लेटरहेडवर द्यावे. "डीलरशी बोला" आणि "कंपनीशी बोला" या दोन उत्तरांमध्ये मला फिरवू नये. बॅटरी आपण विकली आणि हमीवर शिक्का आपला आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत बॅटरी बदलून मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 35 नुसार सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण व उत्पादक कंपनी या दोघांविरुद्ध दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे तक्रार शुल्क लागत नाही. कलम 38 प्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. चौथा सेल तिथे उघडला जावा, अशी विनंती मी स्वतः करीन. बॅटरीची किंमत, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, तिन्ही मागेन.

आपण कंपनीकडे बदलीचा दावा पाठवलात तर तपासणीसाठी मी कोणत्याही दिवशी घरी उपलब्ध आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सुनीता पाटील
कराड

सोबत : खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, 16 जूनचे जॉब कार्ड, सर्व्हिस कार्ड व डिस्टिल्ड वॉटरचे बिल यांच्या छायाप्रती; फ्लोटचे फोटो. मूळ कागद माझ्याकडे आहेत.
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)