२०२६ च्या सुट्ट्या आणि रजेच्या नियमातील बदल (वेर्णा प्लांट)

सर्व कामगार बंधू-भगिनींना नमस्कार.

भरपगारी सुट्ट्या ११: २६ जानेवारी, १९ मार्च (गुढीपाडवा), ३ एप्रिल (गुड फ्रायडे), १ मे, १५ ऑगस्ट, १४ व १५ सप्टेंबर (चवथ), २ ऑक्टोबर, ३ डिसेंबर (गोंयच्या सायबाचे फेस्त), १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन), २५ डिसेंबर. दिवाळी रविवारी येते, म्हणून वेगळी सुट्टी नाही.

१ जानेवारीपासून बदल: हक्काच्या रजेसाठी वर्षाला २४० ऐवजी १८० दिवस हजेरी पुरेल. हिशेब तोच, २० दिवस कामाला १ रजा. मध्येच रुजू झालेल्यांना याचा खरा फायदा आहे.

चवथीला जोडून रजा हवी असेल तर अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत टाइम ऑफिसात द्या. दरवर्षी शेवटच्या आठवड्यात अर्जांचा ढीग पडतो आणि लाइन चालवायला माणसे उरत नाहीत. त्यामुळे एका लाइनवर एका वेळी तिघांनाच रजा मिळेल, आधी आलेल्या अर्जाला आधी. सुपरवायझरला तोंडी सांगितले म्हणजे अर्ज झाला असे नाही. सही-शिक्क्याची पोच घ्या, जपून ठेवा. पोच नसेल तर गैरहजेरी लागून पगार कापला जातो, आणि तो परत मिळवताना तुमचीच धावपळ होते.

शिल्लक रजा चुकीची दिसल्यास १५ जानेवारीपर्यंत कळवा.

मनुष्यबळ विभाग